स्टिरॉइडची गोळी आणि पोटातली आग

स्टिरॉइडच्या गोळीबद्दल तुम्ही आम्हाला नेहमी विचारता, आणि त्यात एक प्रश्न फिरून फिरून येतो. गोळी सुरू झाल्यापासून पोटात आग पडते, घशाशी येतं, मळमळतं, तर ती बंद करू का? आजची सगळी वेळ आम्ही या एका प्रश्नाला द्यायचं ठरवलं आहे. उत्तराचा पहिला भाग आधीच सांगून टाकतो. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. ती तुम्ही किती वाजता घेता, पोटात काय असताना घेता आणि तिच्या जोडीला दुसरी कोणती गोळी पोटात जाते, या तीन गोष्टी आधी बघायच्या. त्यातही तिसरी सगळ्यात जास्त महत्त्वाची आहे, आणि नेमकी तीच कुणी सांगत नाही.

आधी आपली गोळी स्टिरॉइडची आहे का, ते ओळखू या. दमा, संधिवात, अंगावर उठणारे गंभीर त्वचारोग, मूत्रपिंडाचे काही आजार अशा दुखण्यांत ही गोळी देतात. पाकिटावर औषधाचं मूळ नाव बारीक अक्षरात असतं. प्रेडनिसोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, डेफ्लाझाकॉर्ट, यांपैकी काही असेल तर ते स्टिरॉइड. डोळ्यांना दिसत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकराकडून वाचून घ्या. कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या मिळत असतील तर डॉक्टरांना सरळ विचारा, "यात स्टिरॉइड आहे का? नाव लिहून द्या." सांधेदुखीवरच्या बिननावाच्या चूर्णांतही चोरून स्टिरॉइड मिसळलेलं आढळलं आहे. "एका पुडीत गुडघे मोकळे झाले" असं ऐकलं की आम्हाला आधी हीच शंका येते.

आता पोटात काय घडतं ते बघू. आपलं जठर रोज तीव्र आम्ल तयार करतं. त्या आम्लाने जठर स्वतः भाजून निघत नाही, कारण त्याच्या आतून एक चिकट थर असतो. मातीची जमीन शेणाने सारवलेली असते ना, तसा. सारवण रोज थोडं झिजतं आणि जठर ते रोज नव्याने करतं. कुठे खपली निघाली तर तीही भरून काढतं.

डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नायमेसुलाईड या आपल्या ओळखीच्या दुखण्याच्या गोळ्या. शरीरातल्या ज्या द्रव्यामुळे सूज आणि दुखणं होतं ते त्या कमी करतात. पण जठरात हेच द्रव्य सारवण करायला लागतं. म्हणून दुखणं थांबतं आणि सोबत सारवणही पातळ होतं. स्टिरॉइडचा स्वभाव थोडा वेगळा आहे. ते पडलेली भेग भरू देत नाही, जखम बुजायला वेळ लावतं. म्हणजे एक गोळी जमीन उकरते आणि दुसरी ती बुजवू देत नाही. दोघी एकत्र आल्या की आम्लाला मोकळं रान मिळतं आणि जखम होते. तिलाच डॉक्टर अल्सर म्हणतात.

हा नुसता अंदाज नाही. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात ६५ वर्षं आणि त्यापुढच्या लोकांच्या नोंदी तपासून केलेला एक अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. नुसतं स्टिरॉइड घेणाऱ्यांमध्ये अल्सरचा धोका फारसा वाढलेला दिसला नाही. पण स्टिरॉइड आणि दुखण्याची गोळी दोन्ही घेणाऱ्यांना, यातलं काहीच न घेणाऱ्यांच्या तुलनेत, तो सुमारे १५ पट होता. दवाखान्यात भरती असलेल्या गंभीर रुग्णांची गोष्ट निराळी. त्यांना नुसत्या स्टिरॉइडनेही रक्तस्राव होऊ शकतो. पण घरी राहून, चालतंफिरतं असताना गोळी घेणारीने एवढं लक्षात ठेवावं की नुसत्या स्टिरॉइडने जळजळ होते, आणि जोडगोळीने जखम होते.

जळजळ आणि जखम यांत फरक आहे आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. नुसत्या जळजळीला बहुतेक वेळा जेवण आणि वेळ सांभाळली की पुरतं. जखमेचा धोका असेल तिथे मात्र पोटभर जेवणही पुरत नाही, तिथे राखण करणारं औषध लागतं. दुखण्याची गोळी जेवूनच घेतली, मग काय होतंय, असं आपण समजतो. खरं तर ती रक्तात जाऊन तिथून सारवणाचं काम थांबवते. म्हणून तर तेच औषध सुईतून कमरेत घेतलं तरी जठराला इजा होऊ शकते. "मी गोळी नाही, इंजेक्शन घेतलं" म्हणून पोट वाचत नाही.

एका ताईंची हकिगत सांगतो. नाव-गाव सांगणार नाही. वय ५४. हाताची बोटं सुजलेली, सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळायची नाही. तपासणीत संधिवात निघाला. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायचं मुख्य औषध दिलं आणि त्याचा गुण येईपर्यंत रोज सकाळी जेवून प्रेडनिसोलोन १० मिलिग्रॅम घ्यायला सांगितलं. आठ दिवसांत बोटं मोकळी झाली. ताई खूश होऊन कांद्याच्या काढणीला जाऊ लागल्या.

काढणीला जायचं म्हणजे सहाला घर सोडायचं. साडेपाचला चहा आणि चहाबरोबर गोळी. भाकरी सुटायची अकराला, बांधावर. तिसऱ्या आठवड्यात छातीखाली आग पडायला लागली. दिवसभर वाकून कंबर धरायची, म्हणून संध्याकाळी दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅक ५० ची एक गोळी, कधी दोन. डॉक्टरांना हे सांगितलं नाही, कारण ती "साधी दुखण्याची गोळी" होती. आग जास्त झाली की रात्री जेवणानंतर एक गॅसची गोळी. शिवाय रक्त कमी म्हणून सरकारी दवाखान्यातली लोहाची गोळी चालूच होती.

दीड महिन्यानंतर त्यांना उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. शौच काळी होत होती. लोहाच्या गोळीने होतं असं म्हणून त्यांनी सोडून दिलं. सुनेच्या मात्र लक्षात आलं की संडासात पाणी टाकून जात नाही असं डांबरासारखं चिकट काही राहतंय, आणि त्याचा वास नेहमीचा नाही. तिने त्याच दिवशी दवाखान्यात नेलं. नाडी ११८. हिमोग्लोबिन ६.४. दोन पिशव्या रक्त चढवावं लागलं. तोंडातून दुर्बीण घालून पाहिलं तर जठराच्या खालच्या भागात अल्सर, त्यातून रक्त पाझरत होतं.

आता या हकिगतीत कुठे काय झालं ते एकेक करून बघू, कारण यातलं काही ना काही आपल्यातल्या बऱ्याच जणी करतात.

पहिली गोष्ट चहाची. उपाशीपोटी स्टिरॉइड घेतलं की जळजळ आणि मळमळ व्हायची शक्यता वाढते, आणि चहा त्यात भर घालतो. एक बिस्कीट म्हणजे जेवण नाही. अर्धी भाकरी, एक पोळी, वाटीभर पोहे किंवा उपमा, रात्रीचा भात ताकात कालवून, एवढं तरी पोटात हवं. आणि गोळी त्या खाण्याच्या शेवटी, भरपूर पाण्याबरोबर. साध्या गोळीचा गुण अन्नाने कमी होत नाही, ती चिंता नको. ताईंना गोळी भाकरीबरोबर बांधून नेता आली असती. साडेपाचला उपाशीपोटी घेण्यापेक्षा अकराला भाकरीनंतर घेतलेली गोळी पोटाला बरी. आम्हाला विचाराल तर त्याहून बरं म्हणजे पहाटे चतकोर भाकरी जास्त खाऊन निघणं, पण सकाळची घाई आम्हालाही माहीत आहे.

मग "सकाळीच" असं का सांगतात? आपलं शरीर स्वतःचं स्टिरॉइड तयार करतं, आणि ते पहाटेपासून सकाळपर्यंत सगळ्यात जास्त असतं. त्या वेळेला बाहेरून घेतलेली गोळी शरीराच्या चालीशी जुळते. रात्री घेतली तर झोप उडते, आणि मूत्रपिंडावरच्या ज्या ग्रंथी हे द्रव्य तयार करतात त्या जास्त सुस्तावतात. जागरण झालं की पोटही नीट राहत नाही. दिवसाला दोन वेळा गोळी सांगितली असेल तर दुसरी किती वाजता घ्यायची ते विचारून घ्या. अकरा ही वेळ थोडी उशिराची असली तरी संध्याकाळपेक्षा कितीतरी चांगली.

दुसरी गोष्ट डायक्लोफेनॅकची. खरं नुकसान इथे झालं. स्टिरॉइड चालू असताना दुखण्याची कोणतीही गोळी दुकानातून परस्पर घ्यायची नाही, तापाच्या नावाने मिळते ती जोडगोळीसुद्धा नाही. तिच्यात पुष्कळदा पॅरासिटामॉलबरोबर आयबुप्रोफेन असतं. मेडिकलवाल्याला आधीच सांगा, "माझं स्टिरॉइड चालू आहे." अंग दुखलं तर नुसतं पॅरासिटामॉल ५००, एक गोळी, दोन गोळ्यांमध्ये किमान सहा तासांचं अंतर ठेवून. ते जठराचं सारवण काढत नाही. यकृताचा आजार असेल तर मात्र तेही विचारूनच. कंबरेला गरम पाण्याची पिशवी, चोळायचा मलम, हे चालेल.

तिसरी गोष्ट गॅसच्या गोळीची. ताई ती घेत होत्या, पण चुकीच्या वेळी आणि अधूनमधून. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल या नावांच्या गोळ्यांना सगळे गॅसची गोळी म्हणतात. त्या गॅसवर नाही, आम्लावर काम करतात. जठरात आम्ल सोडणारे बारीक पंप असतात. आपण खायला लागलो की ते चालू होतात, आणि ही गोळी चालू पंपांनाच बंद पाडते. म्हणून घास पोटात जाईल तेव्हा ती रक्तात पोचलेली हवी. उपाशीपोटी, खाण्याआधी अर्धा ते एक तास, ही तिची वेळ. रात्री जेवणानंतर घेतली तर तिचं बरंचसं काम वाया जातं. आणि एका दिवसात ती पूर्ण लागू पडत नाही, तीन-चार दिवस रोज घ्यावी लागते. जळजळ झाली की एक, नाही झाली की नाही, अशाने राखण होत नाही.

म्हणजे ज्यांना दोन्ही गोळ्या आहेत त्यांची सकाळ अशी असावी. उठल्यावर तोंड धुऊन ओमेप्राझोल २० किंवा पॅन्टोप्राझोल ४०, डॉक्टरांनी जी लिहून दिली असेल ती, साध्या पाण्याबरोबर. मग झाडलोट, पाणी भरणं, डबे. अर्ध्या-पाऊण तासाने खाणं. खाण्याच्या शेवटी स्टिरॉइड. सगळ्या गोळ्या एका मुठीत घेऊन एका घोटात गिळायची आपली सवय असते, ती इथे मोडायला हवी.

चौथी गोष्ट काळ्या शौचाची, आणि ती आपल्या बायकांच्या फार कामाची आहे, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणी लोहाची गोळी घेतात. लोहाने शौच काळपट किंवा काळसर हिरवी होते, पण ती नेहमीसारखी बांधलेली असते आणि वासही नेहमीचाच असतो. आतून रक्त गेलं असेल तर ती डांबरासारखी काळीभोर, चकचकीत, चिकट होते आणि घाण उग्र वास येतो. शंका आली तर थांबून बघायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना. उलटीत कॉफीच्या भुकटीसारखं काही पडलं, ताजं रक्त पडलं, उभं राहिल्यावर घेरी आली, दरदरून घाम फुटला, तर गाडी करून लगेच निघायचं. १०८ ला फोन करा.

आणखी एक धोका जाणूनबुजून वेगळा सांगतो. स्टिरॉइड दुखणं झाकतं. अल्सरने जठराला भोक पडलं तर एरवी पोट दगडासारखं घट्ट होतं, माणूस तळमळतो. मोठ्या डोसचं स्टिरॉइड चालू असताना हे दुखणं सौम्यच वाटू शकतं. म्हणून अचानक नवीन पोटदुखी सुरू झाली आणि सोबत ताप, उलट्या किंवा पोटफुगी असेल, तर "फार दुखत नाही" या भरवशावर घरी राहू नका. दवाखान्यात गेल्या गेल्या स्टिरॉइडचं नाव सांगा.

दवाखान्यात ताईंचं डायक्लोफेनॅक कायमचं बंद केलं. आम्लाची गोळी नेमाने चालू ठेवली. जठरात राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू आहे का तेही तपासलं, कारण तोही अल्सर करतो आणि आपल्या देशात तो पुष्कळांच्या पोटात असतो. पण प्रेडनिसोलोन बंद केलं नाही. नातेवाइकांना याचं नवल वाटलं, पण त्यामागे कारण आहे. तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त दिवस बाहेरून स्टिरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं तयार करणं कमी करतं. ते एकदम तोडलं तर रक्तदाब खाली येतो, उलट्या होतात, हातपाय गळतात. जिवावरही बेतू शकतं. म्हणून ते हळूहळू, पायरी पायरीने उतरवावं लागतं. याच कारणाने, दिवसभर उलट्या होत असतील आणि गोळी पोटात टिकत नसेल तर घरी बसू नका. तेव्हा ते औषध सुईतून द्यावं लागतं.

मग राखणारी गोळी सगळ्यांनाच हवी का? आम्हाला तसं वाटत नाही. दम्याचा जोर वाढला म्हणून पाच दिवस प्रेडनिसोलोन मिळालेल्या तिशीतल्या बाईला, जिला पूर्वी अल्सर नाही आणि दुखण्याची गोळी चालू नाही, बहुधा न्याहारी आणि पाणी एवढंच पुरतं. स्टिरॉइडबरोबर दुखण्याची गोळी घेणं भाग असेल, हृदयासाठी ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, पूर्वी अल्सर किंवा पोटातून रक्तस्राव झाला असेल, तर मात्र राखण हवीच, आणि ती न विसरता मागून घ्यायची. वय ६५ च्या पुढे असेल, डोस मोठा आणि बरेच महिन्यांचा असेल, तर डॉक्टरांना विचारून ठरवा. या गोष्टी त्यांना आपणहून सांगा. गर्दीच्या ओपीडीत विचारायचं राहून जातं.

आता काही लहानसहान शंका. पोटात आग पडली की खायचा सोडा किंवा फसफसणारं चूर्ण घेतात. त्यात सोडियम असतं. स्टिरॉइडने आधीच अंगावर सूज येते, रक्तदाब वाढतो, त्यात ही भर नको. त्यापेक्षा आम्ल शमवणारं पातळ औषध बरं, पण ते आणि स्टिरॉइड यांत दोन तासांचं अंतर ठेवा, नाही तर स्टिरॉइड नीट शोषलं जात नाही. थंड दुधाने घटकाभर बरं वाटतं, औषध म्हणून त्यावर विसंबू नका. काही गोळ्यांवर आतड्यात विरघळणारं आवरण असतं. त्या कुटायच्या किंवा मोडायच्या नाहीत. आवरण आहे म्हणून अल्सर होणार नाही असंही नाही.

स्टिरॉइडने भूक वाढते, हेही सांगायला हवं. पोटात खड्डा पडल्यासारखं होतं ते दर वेळी आम्ल नसतं, कधी खरीच भूक असते. चार घास खाल्ले आणि शांत झालं, तर ती भूक. खाऊन बरं वाटलं पण दोन-तीन तासांनी, विशेषतः मध्यरात्री, तिथेच पुन्हा टोचून जाग आली, तर अल्सरची शंका घ्या आणि दाखवा.

राहिला उपवास. चतुर्थी, श्रावणी सोमवार, नवरात्र चालू असलं तरी गोळी चुकवायची नाही. सकाळी दूध आणि दोन केळी, राजगिऱ्याचा लाडू, भगर, जे चालत असेल ते खाऊन गोळी घ्या. चंद्र उगवेपर्यंत नुसत्या चहावर राहून नाही. हरतालिकेसारखा निर्जळी उपवास गोळी चालू असेतोवर सोडून द्या. रोजे धरणाऱ्या मैत्रिणींनी आधी डॉक्टरांशी बोलावं. दिवसातून एकदाची गोळी असेल तर ती सहेरीचं खाणं झाल्यावर घेता येते का, ते विचारावं. मशेरीची सवय असेल तर ती सकाळी रिकाम्या पोटी लावू नका. तंबाखूने स्वतःच मळमळ होते आणि दोष गोळीवर जातो.

शेवटचं, आम्लाची गोळी कधी थांबवायची? ताईंना ती आठ आठवडे दिली आणि पुन्हा दुर्बीण घालून जखम भरल्याची खात्री केली. त्यांना एकदा रक्तस्राव झालेला, म्हणून स्टिरॉइड उतरेपर्यंत ती पुढेही चालू ठेवली. पण पुष्कळ घरांत स्टिरॉइड संपून वर्ष उलटलं तरी ही गोळी चालूच दिसते. वर्षानुवर्षं घेतली तर ब-१२ जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, हाडंही ठिसूळ होण्याकडे झुकतात, आणि स्टिरॉइडने हाडं आधीच कमजोर झालेली असतात. म्हणून स्टिरॉइडचा डोस उतरवताना प्रत्येक फेरीला विचारा, "आता ही सकाळची उपाशीपोटीची गोळी अजून लागते का?" कॅल्शियमची गोळी चालू असेल तर ती मात्र जेवणाबरोबर घ्या, आम्ल कमी असताना साधं कॅल्शियम रिकाम्या पोटी नीट शोषलं जात नाही.